गडगा म्हणजे हद्द नव्हे

मिरजोळे हे रत्नागिरी शहराला अगदी लागून असलेलं गाव. एमआयडीसीचे कारखाने याच गावाच्या जमिनीवर उभे राहिले आणि शहरही हळूहळू याच बाजूला सरकत आलं. कलमांची आणि भाताची जमीन आता इथे गुंठ्याच्या भावाने बोलली जाते. एकरात बोलायचं तेव्हा बांधावरचं चार-पाच फुटांचं अंतर कुणाच्या डोळ्यांत येत नसे. गुंठ्यात बोलू लागल्यावर तेच अंतर पैशांत दिसायला लागतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या मांगरात चहा प्यायलेली माणसं तलाठ्याच्या दारात एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात.

अशा दोन शेजाऱ्यांची गोष्ट मला सांगायची आहे. माणसं मी रचलेली आहेत, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्यामधला गडगा, मोजणी, कायद्यातले अडथळे आणि शेवटी निघालेली वाट यांत मात्र रचलेलं काही नाही. बांधाचा वाद कुठे अडतो आणि मनाचा मोठेपणा दाखवायचाच असेल तर तो कागदावर कसा उतरवावा लागतो, हे एका उदाहरणातून पाहिलं की नीट कळतं.

वरच्या बाजूचे नाना, सत्तरीतले. खालच्या बाजूचा भाई, पन्नाशीचा. नानांची जमीन उतारावर वर, भाईची त्याच उतारावर खाली. मध्ये जांभ्या दगडाचा गडगा, लांबी १९८ फूट. कोकणातला गडगा चुन्या-सिमेंटाशिवाय रचतात. डोंगरउतारावर तो कुंपणाचं काम करतोच, शिवाय वरची माती धरून ठेवतो. पावसाळ्यात पाठीमागची माती पाणी पिऊन फुगली आणि पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही, की गडगा पोट काढतो आणि एखाद्या रात्री सबंध खाली येतो.

पस्तीस वर्षांपूर्वी तसंच झालं होतं. गडग्याबरोबर त्याच्या पायाखालची मातीही खचली. भाईच्या वडिलांनी दगड गोळा करून गडगा पुन्हा रचला, पण जुन्या पायावर रचता येईना, म्हणून जरा वर, कठीण कातळ लागला तिथे नवा पाया घेतला. नानांचे वडील तेव्हा हयात होते. ते येऊन बघून गेले आणि रचणाऱ्या गड्यांना पाणीही त्यांच्याच घरून आलं. त्या वेळी कुणाच्याही मनात हद्द नव्हती, चालू पावसात वाहून जाणारी माती होती. दोन वर्षांनी भाईच्या वडिलांनी नव्या गडग्याच्या आतल्या बाजूने हापूसची सहा कलमं लावली. दोन कलमांमध्ये साधारण दहा मीटर अंतर सोडतात. १९८ फूट म्हणजे साठ मीटर, त्यामुळे सहा कलमं बरोबर बसली.

पुढे नानांच्या मुंबईच्या मुलाने जमिनीचं काय करायचं ते ठरवायला आधी मोजून घेऊ म्हणून हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. आता हा अर्ज ऑनलाइन होतो, फी भरली की तारीख मिळते आणि लगतच्या कब्जेदारांना भूमी अभिलेख कार्यालयाची नोटीस जाते. मोजणीदार आले. पूर्वी फलक यंत्र आणि साखळी असायची, आता हातात रोव्हर असतो. उपग्रहावरून स्थान घेऊन त्यांनी जुन्या नकाशाशी जुळवणी केली आणि खुणा दाखवल्या. नकाशातली हद्द गडग्याच्या साडेपाच फूट खाली निघाली. १९८ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद पट्टा म्हणजे १०८९ चौरस फूट, नेमका एक गुंठा. नानांचा एक गुंठा भाईच्या गडग्याच्या आत, आणि त्या गुंठ्यात सहाही कलमं.

इथे गोष्ट थांबवून दोन बाबी नीट सांगायला हव्यात, कारण बहुतेक वाद इथेच चुकीच्या वाटेला लागतात.

पहिली बाब मोजणीची. मोजणीदार हद्द दाखवतो, ताबा देत नाही. ‘क’ प्रत हातात आली म्हणजे जमीन मिळाली असं समजून रातोरात गडगा पाडायला जाणारे लोक आहेत, आणि त्यातून दिवाणी वादाचा फौजदारी वाद होतो. दाखवलेली रेषाही देवाने आखलेली नसते. जुने नकाशे ज्या प्रमाणात काढलेले असतात, त्या प्रमाणाने चुकीचीही वाढ होते. १:१००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अर्धा मीटर रुंद होते. कागद आकसतो. सपाट कागदावरची लांबी उतारावर उतरवताना फरक पडतो. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून पुन्हा मोजणी मागता येते, तिला निमताना मोजणी म्हणतात. त्यातही रेषा फूटभर इकडे-तिकडे सरकते असा अनुभव नवा नाही. रोव्हर आल्याने जागेवरचं माप अचूक झालं, पण ज्या कागदाशी ते ताडून पाहायचं तो कागद जुनाच आहे. म्हणून चार-पाच फुटांच्या वादात ‘नकाशा माझ्या बाजूने आहे’ हे वाक्य जितकं ठाम वाटतं तितकं ठाम नसतं.

कोकणात तर कागदाआधी वहिवाट आली. इथे खोती होती. मुंबई राज्याने ती १९४९ च्या कायद्याने काढून टाकली, आणि कूळकायद्याने कुळं मालक झाली. ज्याने जितकं कसलं तितकं त्याच्या नावे आलं. गडगे आधी उभे होते, हिश्शांचे नंबर मागून पडले. त्यामुळे जमिनीवरची रेषा आणि नकाशातली रेषा यांत थोडं अंतर असणं हा इथे कुणाचा गुन्हा नसतो.

दुसरी बाब बारा वर्षांची. भाईच्या वकिलाने त्याला सांगितलं की पस्तीस वर्षं तुमचा ताबा आहे, मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांनंतर मूळ मालकाचा ताबा मागण्याचा हक्क संपतो, तेव्हा तो गुंठा तुमचाच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही स्पष्ट केलं की अशा ताब्याच्या जोरावर मालकी मिळवलेला माणूस स्वतः वादी म्हणून दावा लावू शकतो. पण ताबा नुसता जुना असून भागत नाही. तो मालकाच्या विरुद्ध, उघडपणे, मालकी सांगत घेतलेला असावा लागतो. परवानगीने असलेला ताबा शंभर वर्षं राहिला तरी विरुद्ध होत नाही. मग पस्तीस वर्षांपूर्वी नानांचे वडील गडगा बघून गेले, गड्यांना पाणी दिलं, ते काय होतं? संमती की दुर्लक्ष? भाईच्या वडिलांना ती जमीन दुसऱ्याची आहे हे ठाऊक होतं की चुकून आत घेतली? बघणारे दोघेही आता नाहीत. कोर्टात दोन्ही बाजूंना बोलायला पुष्कळ मुद्दे होते आणि त्या दोघांच्या मनात काय होतं ते सांगणारा माणूस एकही नव्हता.

दावा लागलाच. नानांच्या मुलाने लावला. भाईने कैफियतीत बारा वर्षांची मालकी सांगितली. कोर्ट कमिशनर नेमावा, पुन्हा मोजणी व्हावी, असे अर्ज पडत राहिले. नाना तारखेला जात नव्हते. आंब्याच्या हंगामात गडग्यापलीकडे भाईची माणसं झेला घेऊन कलमांवर चढलेली दिसायची, तेव्हा ते आत जाऊन बसायचे.

वळण आलं ते एका व्यावहारिक अडचणीतून. नानांच्या बागेतून गाडीरस्त्याला जाणारी वाट भाईच्या खालच्या कोपऱ्यातून जाते. वाद पेटल्यावर भाईने तिथे बेडं लावलं आणि कुलूप घातलं. त्या वर्षी नानांच्या पेट्या डोक्यावरून वरच्या आडवाटेने न्याव्या लागल्या. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. नानांचा मुलगा तोही अर्ज करायला निघाला. तेव्हा नानांनी त्याला थांबवलं आणि स्वतः बेड्यापाशी जाऊन भाईला हाक मारली.

“भाई, कलमं तुझ्या बापाने लावली. मी खड्डे खणताना बघितलंय. ती माझी म्हणून मी कोर्टात कशी सांगू?”

भाई थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “नाना, जमीन तुमची निघाली हे मोजणीच्या दिवशीच मला पटलं होतं. पण कलमं जातील म्हणून वकिलाने सांगितलं तसं लिहून दिलं.”

वादाचं मूळ इथे उघडं पडलं. नानांना गुंठा हवा होता, कलमं नको होती. भाईला कलमं हवी होती, गुंठा नको होता. कोर्टाचा निकाल मात्र दोन्ही एकत्रच कुणातरी एकाला देणार होता, कारण झाड जमिनीला चिकटलेलं असतं. दोघांना हवं ते दोघांना देणं कोर्टाच्या हाती नव्हतं. ते फक्त या दोघांच्याच हाती होतं.

आता नाना आणि भाई बेड्यापाशी बोलून घरी गेले असते, दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं असतं आणि सगळं आनंदात चाललं असतं, तर कथा तिथेच संपवता आली असती. माझं म्हणणं असं की अशी तोंडी समजूत हीच पुढच्या पिढीच्या दाव्याची सुरुवात असते. पस्तीस वर्षांपूर्वी नानांच्या वडिलांनी पाणी देऊन जो मोठेपणा दाखवला, तो कुठे लिहिला गेला नाही, म्हणूनच त्यांच्या मुलावर ही वेळ आली. मोठेपणा लिहून ठेवला नाही तर देणाऱ्याचे वारस त्याला अतिक्रमण म्हणतात आणि घेणाऱ्याचे वारस हक्क म्हणतात.

दोघांनी काय लिहिलं ते सांगतो. पहिलं कलम असं की मोजणीत दाखवलेली हद्द दोघांना मान्य. तिथे हद्दीचे दगड दोघांच्या देखत रोवायचे, आणि बारा वर्षांच्या मालकीचा मुद्दा भाईने सोडला. गुंठ्याची मालकी बदलली नाही, तो नानांच्या सातबाऱ्यात होता तिथेच राहिला. यात एक सोयही होती. एका गुंठ्याचा तुकडा पाडून त्याचं खरेदीखत करायला गेलं तर तुकडेबंदीचा कायदा आडवा येऊ शकतो. मालकीला हात न लावल्याने तो प्रश्नच उरला नाही.

दुसरं कलम सहा कलमांचं. ती जोवर उभी आहेत तोवर त्यांचं उत्पन्न भाईचं आणि त्याच्यानंतर त्याच्या मुलांचं. खत घालायला, फवारणीला, मोहराची राखण करायला, आंबे काढायला भाईने तिथे जायचं. एखादं कलम वठलं किंवा वादळात पडलं तर त्याचं लाकूड भाईचं, पण त्या जागी नवं कलम लावायचं नाही. म्हणजे देणं कलमांच्या आयुष्यापुरतं. चांगलं सांभाळलेलं हापूसचं कलम माणसाच्या आयुष्याहून जास्त जगतं, त्यामुळे भाईला काही कमी पडणार नव्हतं, आणि नानांच्या नातवंडांना एक दिवस ती जागा मोकळी मिळणार हेही नक्की होतं. हे सगळं नानांच्या परवानगीने आहे, हे वाक्य वकिलाने मुद्दाम घातलं. त्या एका वाक्याने भाईचा ताबा पुन्हा कधीही विरुद्ध ताबा ठरू शकत नाही. देणाऱ्याचं संरक्षण त्याच वाक्यात आहे.

तिसरं कलम गडग्याचं. गडगा जिथे आहे तिथेच राहील, कारण त्याने माती धरून ठेवली आहे आणि तो हलवला तर सहाही कलमांची मुळं उघडी पडतील. पण करारात स्पष्ट लिहिलं की गडगा म्हणजे हद्द नव्हे, हद्द दगडांवर आहे. हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पन्नास वर्षांनी दोघांचे नातू जमिनीवर उभे राहतील तेव्हा त्यांना गडगा दिसेल, दगड गवतात बुडालेले असतील. डोळ्यांना दिसणारी रेषा खरी नाही हे त्यांना सांगायला फक्त कागद असेल.

चौथं कलम वाटेचं. भाईने खालच्या कोपऱ्यातून आठ फुटांची वाट नानांना कायमची दिली, छोटी गाडी जाईल इतकी.

हे कोर्टात कसं गेलं तेही पाहण्यासारखं आहे. दावा चालू होता, म्हणून तडजोड लोकअदालतीत ठेवली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील चालत नाही आणि दाव्याला लावलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र एक खाच आहे. दाव्यात जी मिळकत आहे तिच्याबद्दलच्या तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणी लागत नाही. दाव्याबाहेरची मिळकत त्यात आली तर लागते. गुंठा दाव्यात होता. वाट नव्हती, कारण ती भाईच्या दुसऱ्या भागातून जाते. म्हणून वाटेचा दस्त वेगळा करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवला. हे न करता तडजोडीतच वाट लिहून मोकळे झालेले लोक पुढे अडकतात, कारण नोंदणी नसलेला तो भाग कायद्यापुढे टिकत नाही. शेवटी तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज देऊन दोन्ही सातबाऱ्यांच्या इतर हक्कांच्या रकान्यात नोंद मागितली. जमीन उद्या कुणी विकत घेतली तर त्याला ती तिथे दिसावी, एवढ्यासाठी.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सह्यांना. नानांच्या सातबाऱ्यावर त्यांच्या वारलेल्या भावाचं आणि डोंबिवलीला दिलेल्या बहिणीचंही नाव होतं. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-वीस, चाळीस-चाळीस नावं असतात आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत असतात, काही हयातही नसतात. एक सही राहिली तर तडजोड त्या माणसावर बंधनकारक नाही. नानांनी बहिणीकडून नोंदणी केलेलं कुलमुखत्यारपत्र घेतलं, आणि भावाच्या बायकोची व मुलांची वारस नोंद आधी करून घ्यावी लागली. भाईच्या बाजूला सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, तिथूनही ना-हरकत आणावी लागली. मनाने दोघं एका संध्याकाळी एक झाले, कागदाने एक व्हायला पुढचा पावसाळा उलटला.

ज्यांच्यात दावा नाही आणि वाद अदलाबदलीचा आहे, त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. माझी जमीन तुझ्या ताब्यात आणि तुझी माझ्या ताब्यात, असा गुंता महाराष्ट्रात गावोगाव आहे. कुठे जुन्या वाटण्यांतून, कुठे एकत्रीकरणाच्या वेळच्या चुकांतून तो झाला. अदलाबदलीच्या दस्ताला एरवी बाजारभावाने मुद्रांक लागतो आणि त्या खर्चापायी लोक कागद करतच नाहीत. राज्य शासनाने ३ जानेवारी २०२३ च्या निर्णयाने सलोखा योजना आणली. तीत अशा अदलाबदलीला मुद्रांक शुल्क नाममात्र १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये ठेवली. दोघांचा परस्परांच्या जमिनीवरचा ताबा किमान बारा वर्षांचा असावा लागतो आणि तलाठी व मंडल अधिकारी यांचा पंचनामा लागतो. दोघांच्या क्षेत्रांत फरक असला तरी चालतं, पण दोघांची संमती हवीच. मूळ मुदत दोन वर्षांची होती, पुढे ती वाढवली गेली.

क्षेत्रातल्या फरकाला दिलेली ही सूट मला फार शहाणपणाची वाटते. जास्त क्षेत्र सोडणारा शेतकरी इथे काहीतरी देतो आहे हे शासनाने गृहीत धरलं आणि त्याच्या देण्यावर वेगळा कर घेतला नाही. मिरजोळ्यासारख्या गावाला मात्र तिची मर्यादा लगेच जाणवते. योजना फक्त शेतजमिनीला आहे. जमीन अकृषिक झाली, की ती दारं बंद. शहराच्या कडेच्या गावांत बिनशेती रोज वाढते आहे, म्हणजे जिथे वाद सर्वांत महाग आहे तिथेच ही सवलत सर्वांत आधी संपते. ज्यांचा अदलाबदलीचा गुंता आहे त्यांनी जमीन बिनशेती होण्याआधी तो सोडवायला हवा.

गावपातळीवर १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम झाली आणि तिच्या समित्यांनी बांधाचे पुष्कळ तंटे मिटवले. त्यातही तीच कसोटी लावावी असं मला वाटतं. समितीपुढे हात मिळवले आणि हार घातले, पण सातबाऱ्यावर काही आलं का? आलं नसेल तर तंटा मिटलेला नाही, माणसं थकली आहेत.

नाना आणि भाई यांच्या हिशेबात कोण जिंकलं ते काढून पाहा. नानांनी सहा पूर्ण वाढलेल्या कलमांचं कित्येक वर्षांचं उत्पन्न सोडलं, मुलाच्या दृष्टीने हातातला निकाल सोडला. भाईने पस्तीस वर्षांच्या ताब्याचा दावा सोडला आणि वर वाट दिली. दोघांनीही असं काही सोडलं जे कोर्टात कदाचित मिळालं असतं. मात्र ‘कदाचित’ म्हणजे किती वर्षं आणि किती तारखा, हे रत्नागिरीच्या कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही विचारा.

ज्यांच्या गडग्याबद्दल मनात शंका आहे त्यांना माझी एक विनंती आहे. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मुंबईची माणसं गावी येतात, सातबाऱ्यावरची नावं वर्षातून तेवढ्याच वेळा एका जागी जमतात. त्याआधी दोन्ही बाजूंचे उतारे आणि नकाशाची नक्कल काढून ठेवा, वारस नोंदी राहिल्या असतील तर त्यांचे अर्ज आताच द्या, आणि माणसं आली की शेजाऱ्याला सोबत घेऊन हद्दीवरून एकदा चालून या. काय सोडायचं ते तिथे ठरवा आणि परत जाण्याआधी सगळ्यांच्या सह्या घ्या.